अट मोडली, पण प्रमेय कुठे पडलं?

नाशिकला कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बसून धाकट्या बहिणीने ॲनालिसिसच्या लेक्चरवरून प्रतिउदाहरणांचा तक्ता केला आणि तपासायला माझ्याकडे दिला. पहिलंच रोलचं प्रमेय. फंक्शन [a, b] वर कंटिन्युअस, (a, b) वर डिफरन्शिएबल आणि f(a) = f(b) असेल, तर आत कुठेतरी f′(c) = 0 असा c सापडतो. तीन अटी, तीन ओळी.

f(a) = f(b) या अटीसमोर तिने [−1, 1] वर x³ लिहिलं होतं. "दादा, टोकांना −1 आणि 1 येतंय, अट मोडलीच की!" मोडली, पण 0 ला डेरिव्हेटिव्ह शून्य आहे. म्हणजे निष्कर्ष जागच्या जागी. या उदाहरणावरून एवढंच कळतं की अट नसतानाही निष्कर्ष कधी कधी खरा ठरतो. अट काढून टाकली तर प्रमेय खोटं पडतं, हे त्यातून कळत नाही. ते दाखवायला [0, 1] वर साधं x पुरतं: बाकी दोन्ही अटी आहेत, आणि f′ सगळीकडे 1.

दोन्ही प्रकारांत अट मोडलेलीच असते, म्हणून गल्लत होते. मी दोनच प्रश्न विचारतो. निष्कर्ष खोटा झाला का? आणि बाकीच्या अटी शाबूत आहेत का?

दुसरा प्रश्न कंटिन्युइटीच्या ओळीत छळतो. तिथे तिने [0, 1] वर पूर्णांक-भाग फंक्शन [x] घेतलं होतं. 1 ला उडी आहे हे खरं, पण आत फंक्शन 0 च आहे, म्हणजे डेरिव्हेटिव्हही शून्य. वर f(0) = 0, f(1) = 1, म्हणजे तिसरी अटही गेली. मग ती म्हणाली, उडी मध्यावर आणू. तेही चालत नाही: जिथे फंक्शन तुटतं तिथे ते डिफरन्शिएबलही नसतं, मग दोष कुठल्या अटीचा ते ठरवता येत नाही. फक्त कंटिन्युइटी मोडायची तर तोड टोकालाच हवी.

तिचंच फंक्शन थोडं फिरवलं: x − [x]. 1 च्या आधी ते x आहे, 1 ला एकदम 0. दोन्ही टोकांना 0, आत f′ = 1, आणि तोड फक्त उजव्या टोकाला. सिद्धतेची कुठली ओळ कोसळते तेही इथे दिसतं. बंद अंतरालावर कंटिन्युअस फंक्शन आपली कमाल किंमत गाठतं, ही ती ओळ. हे फंक्शन 1 च्या हवं तितकं जवळ जातं, पण 1 ही किंमत कधीच घेत नाही.

डिफरन्शिएबिलिटीसमोर [−1, 1] वर |x| होतं. ते बरोबर.

x³ तिने खोडलं नाही. कागद उलटून मागे लिहिलं, वर मथळा दिला: 'उलट विधान खोटं'.