मांजराच्या दाताला "कीड" म्हणायचे, तिथून एक्सरेतल्या टाइप १-टाइप २ पर्यंत

मांजराच्या खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागे जो पहिला दाढेसारखा दात असतो (दंतवैद्यकाच्या नंबरात ३०७ आणि ४०७), तिथे हिरडीला लागून एक गुलाबी खड्डा दिसतो. सगळी गोष्ट त्या खड्ड्याचीच आहे, कारण तो नक्की आहे काय हे कळायला बराच काळ गेला.

सुरुवातीला लोक सरळ कीडच म्हणायचे, माणसाच्या दातासारखी. पण किडीत बॅक्टेरियाच्या अ‍ॅसिडने दात मऊ पडतो आणि इथे खड्ड्याचा तळ टणक लागतो. १९७६ साली श्नेक आणि ऑस्बॉर्न यांनी यावर पेपर लिहिला, त्यात "नेक लीजन" म्हणजे दाताच्या मानेवरची जखम हे नाव होतं. मायक्रोस्कोपखाली दिसलं की दात खाणाऱ्या पेशी शरीराच्याच आहेत, ओडोंटोक्लास्ट, ज्या एरवी दुधाच्या दातांची मुळं विरघळवतात. मग फेलाइन ओडोंटोक्लास्टिक रिझॉर्प्टिव्ह लीजन, थोडक्यात "फोर्ल" हे नाव आलं, आणि आता नुसतं टूथ रिझॉर्प्शन म्हणतात. ओडोंटोक्लास्ट पक्क्या दातावर का तुटून पडतात याचं पक्कं उत्तर अजून नाही, व्हिटॅमिन डी जास्त होतं म्हणून असेल असाही एक अंदाज मांडला गेला होता.

नाव बदललं तरी काही काळ उपचार मात्र किडीचेच चालू राहिले, म्हणजे खड्डा साफ करून ग्लास आयोनोमर हा फिलिंगचा मसाला भरायचा. तो टिकायचा नाही, कारण भरलेल्या जागेच्या खाली आणि बाजूला दात विरघळणं चालूच असायचं आणि काही काळाने फिलिंग गळून पडायचं. फिलिंग सोडून दिलं ते यामुळे, आणि मला वाटतं डॉक्टरांना दाताच्या मुळाकडे बघायला भाग पाडलं तेही यानेच.

आधीचं ग्रेडिंग "खड्डा किती खोल" एवढंच विचारायचं, आणि आजचे स्टेजही त्याच धाग्यावर आहेत: १ म्हणजे सिमेंटम किंवा इनॅमल या बाहेरच्या थरांपर्यंत, २ म्हणजे त्याखालच्या डेंटिनमध्ये पण पल्पपर्यंत, म्हणजे आतल्या नसेच्या पोकळीपर्यंत नाही, ३ म्हणजे पल्पपर्यंत, ४ म्हणजे दाताचा बहुतेक भाग ढासळलाय (त्यात क्राउन म्हणजे हिरडीबाहेरचा भाग आणि मूळ सारखंच गेलं तर ४अ, क्राउन जास्त गेलं तर ४ब, मूळ जास्त गेलं तर ४क), ५ म्हणजे हिरडीने सगळं झाकलंय, आत फक्त अवशेष. हिरडीच्या आजाराचं ग्रेडिंग, पीडी १ ते ४, हे वेगळंच, त्यात दाताला धरून ठेवणारा आधार किती गेला ते मोजतात, आणि दोन्ही एकाच दाताला लागू पडू शकतात म्हणून गोंधळ होतो.

१९९८ मध्ये व्हर्स्ट्रेट आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पूर्ण तोंडाचे एक्सरे काढून तपासले तेव्हा वरून ठीक दिसणाऱ्या दातांतही उपचार बदलावा लागेल असं बरंच काही सापडलं. त्याच्या थोडं आधी, १९९५ मध्ये, ड्यूपाँट यांनी क्राउन कापून मूळ मुद्दाम आत ठेवायची पद्धत मांडली होती. पण ही कुठल्या दाताला चालते? तेच २००२ मध्ये ड्यूपाँट आणि डीबोज यांच्या कामातून सुटं झालं: टाइप १ मध्ये मूळ हाडाला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटची एक्सरेतली काळी रेघ शाबूत असते, टाइप २ मध्ये ती नाहीशी होते आणि मूळ हाडासारखं करडं पडतं, कारण त्याची जागा खरंच हाड घेत असतं. (पुढे टाइप ३ आला, एकाच दातात दोन्ही.)

फरक कळायला एक मांजर घ्या. ३०७ आणि ४०७ दोन्हींवर सारखाच खड्डा, वर हिरडी चढलेली, भूल दिलेली असताना प्रोब लागला की जबडा थरथरतो. डोळ्यांनी दोन्ही स्टेज २ वाटतात. एक्सरेत ४०७ ची मुळं जवळजवळ ओळखूच येत नाहीत, रेघ गायब, म्हणजे टाइप २, स्टेज ४क. इथे हिरडी उचलून क्राउन हाडाच्या पातळीखाली घासून वर टाके घातले तर चालतं, आणि त्या मुळाला खणत बसलं तर उलट जबडा फुटायची भीती. ३०७ मध्ये मात्र रेघ स्पष्ट, खड्डा पल्पपर्यंत गेलाय, टाइप १, स्टेज ३. इथे क्राउन कापून मूळ ठेवलं तर पल्प आत राहतो, इन्फेक्शन राहतं आणि मांजर वरून बरं दिसत असतानाही दुखणं चालूच, म्हणून दात मधून चिरून दोन्ही मुळं वेगवेगळी काढायची आणि नंतर परत एक्सरे काढून काही तुकडा राहिला नाही ना ते बघायचं.

आणि टाइप २ दिसला तरी मुळाच्या टोकाशी काळा डाग असेल, पीडी जास्त असेल किंवा मांजराला स्टोमॅटायटिस म्हणजे तोंडभर सूज असेल तर मूळ ठेवायचं नाही.