टाका कुठून गेलाय?

मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या पुढे गेला की सीताबर्डीच्या फुटपाथवर बसणाऱ्या मोच्याकडे तोंड वासलेले बूट येऊ लागतात. बहुतेक पेस्टिंगचे, म्हणजे नुसते चिकटवलेले. बंद कारमध्ये बूट तासन्‌तास तापले की चिकट थर मऊ पडतो आणि पुढून सोल सुटतो. "साइडनं शिलाई मारून देतो भाऊ," हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण प्रत्येक बुटाला ते लागू पडत नाही, आणि त्याचं कारण दीडशे वर्षं मागे आहे.

यंत्रं येण्याआधी चांगला बूट हातानेच शिवत. वरचं चामडं आणि आतला तळ यांना कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी शिवायची, तिला वेल्ट म्हणतात. मग बाहेरचा सोल त्या पट्टीला शिवायचा. काम चोख, पण वेळखाऊ. 1858 मध्ये अमेरिकेत लायमन ब्लेकने सोल शिवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचा टाका बुटाच्या आतून सरळ सोलच्या बाहेरपर्यंत जातो आणि आतला तळ, चामडं, सोल एकत्र बांधतो. बूट हलका आणि स्वस्त झाला. मात्र दर वेळी सोल बदलताना आतल्या तळाला पुन्हा भोकं पडतात, टाक्यांतून पाणी आत झिरपतं, आणि बुटाच्या आत पोचणारं यंत्र फुटपाथवर नसतं.

1870 च्या दशकात चार्ल्स गुडइयर (धाकटा) याच्या यंत्राने वेल्टचं काम यंत्रावर आणलं. टायरवरचं नाव त्याच्या वडिलांवरून आलं, रबर पक्कं करण्याची रीत शोधणाऱ्या. या बुटात सोलचा टाका फक्त बाहेरच्या पट्टीतून जातो. तो कापला की सोल निघतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. आरी आणि मेण लावलेला दोरा असलेला कसबी मोचीही नवा सोल शिवू शकतो, कारण हे मुळात हाताचंच काम.

विसाव्या शतकात पक्के चिकटद्रव्य आले आणि टाकाच गेला. त्यात वाईट काही नाही, रोजच्या बुटाला ते पुरतं. फक्त पॉलियुरेथेनचा सोल ओलाव्याने, नुसता कपाटात पडून राहिला तरी, काही वर्षांत भुगा होतो. भुग्यावर कोणतंच सोल्युशन धरत नाही.

विकत घेताना हात आत घाला. तळावर टाक्यांची रांग लागली तर ब्लेक. पण वर अस्तराचा तुकडा चिकटवलेला असेल तर ती लपते. आत काही नाही, पण पट्टीवर आणि सोलखाली दोन्हीकडे खरा दोरा दिसला तर बहुधा वेल्ट. पट्टीवर टाके आणि खाली काहीच नाही, तर बहुतेकदा ते शोभेचे असतात.

हिशेब धरून पाहू. 3,000 चा पेस्टिंगचा जोड दीड वर्ष टिकला, तर नऊ वर्षांत सहा जोड, 18,000 रुपये. 12,000 चा वेल्टेड जोड आणि दर तीन वर्षांनी 2,500 चा सोल, म्हणजे दोनदा, धरला तर 17,000. फरक हजाराचा, आणि तोही तुम्ही नऊ वर्षं त्याच बुटाला पॉलिश करत राहिलात तर.