खडपातलं जाळं आणि आकाशातला गुरू

ओहोटीच्या वेळी, ऊन डोक्यावर असताना, खडपात साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाकून बघा. तळाच्या वाळूवर उजेडाचं एक जाळं हलत असतं. पाण्यावरच्या बारीक लाटा उन्हाला कुठे गोळा करतात, कुठे फाकवतात. गोळा झालेल्या उन्हाचे धागे होतात आणि मधली काळसर भोकं म्हणजे जिथला उजेड शेजारी सरकला त्या जागा. आता तळहात पाण्यात धरा. तो पृष्ठभागाला अगदी लागून असेल तर त्यावर फारसं काही दिसत नाही. वीतभर खाली नेला की धागे रेखीव होतात. वळलेल्या किरणांना एकत्र यायला अंतर लागतं.

मग सूर्यावर ढग येऊ द्या. पाणी तेच, लाटा त्याच, पण जाळं पुसलं जातं. आता उजेड एका लहान ठिकाणाहून येत नाही, सगळ्या आभाळातून येतो. आभाळाचा प्रत्येक तुकडा आपापलं जाळं टाकतो, एकाच्या भोकांवर दुसऱ्याचे धागे पडतात आणि सगळी वाळू सारखी उजळते.

तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर दिसतात, त्याचं कारण या खडपातच आहे. फक्त पाण्याच्या जागी हवा घ्यायची आणि वीतभर खोलीच्या जागी दहा किलोमीटर.

हवा प्रकाशाला फार थोडं वळवते. जमिनीलगतच्या हवेचा अपवर्तनांक १.०००३ च्या आसपास असतो आणि तापमानात एका अंशाचा फरक पडला तर तो जेमतेम दशलक्षातल्या एका भागाने बदलतो. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. पण वरच्या थरांत, जिथे जोराचे वारे एकमेकांना घासत वाहतात, तिथे थंड-गरम हवेचे कमी-जास्त आकाराचे पुंजके सतत घुसळले जात असतात. तिथे किंचित वळलेला किरण खाली पोचेपर्यंत आपल्या शेजाऱ्याला गाठतो किंवा त्याच्यापासून दुरावतो. त्यामुळे ताऱ्याच्या उजेडाचं जाळं रोज रात्री आपल्या अंगणात, वाळूवर, छपरावर पडलेलं असतं. ते इतकं फिकं असतं की डोळ्यांना दिसत नाही. त्यातला एकेक उजळ किंवा काळसर टप्पा साधारण सात-आठ सेंटिमीटरचा, म्हणजे तळहाताएवढा. अंधारात आपली बाहुली उघडते ती सहा-सात मिलिमीटर. म्हणून डोळा एका वेळी एकाच टप्प्यात असतो. वरचा वारा जाळं ओढत नेतो आणि डोळ्यावरून उजळ, काळसर, उजळ असे टप्पे सरकत जातात. वारा सेकंदाला वीस मीटर असेल, तर एक टप्पा सेकंदाच्या अडीचशेव्या भागात निघून जातो. एवढं झटपट डोळ्याला कळत नाही. त्यातले संथ चढउतार तेवढे कळतात, आणि त्यांनाच आपण लुकलुकणं म्हणतो.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो शाळेपासून मनात बसलेला असतो. ‘तारे स्वयंप्रकाशी असतात, ते लुकलुकतात, ग्रह परप्रकाशी असतात, ते लुकलुकत नाहीत’ ही वाक्यं आपण शेजारीशेजारी पाठ केली आणि एकामुळे दुसरं घडतं असं धरून चाललो. उजेड स्वतःचा की उसना, याचा इथे काडीचाही संबंध नाही. दिवा आपल्याला केवढा रुंद दिसतो, एवढंच महत्त्वाचं.

हे आकड्यांत पाहू. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. पूर्ण चंद्र सुमारे १८०० विकला रुंद दिसतो. व्याधाचा तारा सूर्याहून मोठा आहे, पण साडेआठ प्रकाशवर्षांहून जास्त दूर असल्यामुळे तो दिसतो केवळ ०.००६ विकला. सत्तर किलोमीटरवर ठेवलेला मोहरीचा दाणा जेवढा दिसेल तेवढा. गुरू १० जानेवारी २०२६ रोजी प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर होता, तेव्हा तो ४६ विकलांच्या आसपास दिसत होता. म्हणजे तोच मोहरीचा दाणा नऊ मीटरवर. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ठिपकेच, पण हवेला त्यांच्यातला फरक कळतो. गुरू डोक्यावर आहे असं समजा. त्याच्या बिंबाच्या दोन कडांकडून आपल्या डोळ्याकडे निघालेले किरण दहा किलोमीटर उंचीवर एकमेकांपासून सव्वादोन मीटर दूर असतात. व्याधाच्या दोन कडांचे किरण त्याच उंचीवर असतात ०.३ मिलिमीटर दूर. व्याधाचा सगळा उजेड हवेच्या एकाच वाटेने येतो आणि त्या वाटेवर जे घडेल ते सगळ्याचं मिळून घडतं. गुरूचा उजेड मात्र तळहाताएवढ्या सातशेच्या आसपास पुंजक्यांतून वाटला जातो. काही वाटा उजळतात, तेव्हाच दुसऱ्या काही मंदावतात आणि बेरीज जवळपास तीच राहते. गुरूही लुकलुकतच असतो. त्याचा प्रत्येक ठिपका वेगवेगळ्या तालात लुकलुकतो, म्हणून एकूण स्थिर दिसतो.

त्याच जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही हे तपासून पाहिलं. रात्री आठच्या सुमाराला पूर्वेला गुरू, त्याच्या जवळ पुनर्वसूचे दोन तारे आणि उजवीकडे व्याध, सगळे हात लांब करून मोजलेल्या साधारण दोन-अडीच मुठी वर आले होते. ही तुलना रास्त होती, कारण उंची जवळपास सारखी, म्हणजे मधली हवाही सारखीच जाड. एक क्षितिजाला टेकलेला आणि दुसरा डोक्यावर, अशी जोडी घेतली तर उत्तर चुकतं. हातात साधी दहापट दाखवणारी दुर्बीण होती. तारा दुर्बिणीत धरायचा आणि दुर्बीण मनगटातून झपकन गोल फिरवायची. ठिपक्याची रेघ होते आणि काळ त्या रेघेवर उलगडतो. व्याधाची रेघ तुटक निघाली: मणी, फट, मणी, त्यातही एक हिरवट, पुढचा तांबूस, मग निळा. माझे आतेभाऊ दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, “अरे, हा तर रंग बदलतोय!” गुरूची रेघ सुतासारखी सलग आली.

ते रंग व्याधाचे नव्हेत. हवा निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा किंचित जास्त वळवते, म्हणून आकाशात खाली असलेल्या ताऱ्याचा निळा आणि तांबडा उजेड वरच्या थरांत वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि वेगवेगळ्या वेळी लुकलुकतो. पुनर्वसूही असेच लुकलुकतात, पण ते फिके असल्याने रंग ओळखणं अवघड जातं.

ग्रहांचा हा नियम तुटतोही. समुद्रात मावळणारा बुध पाहिला आहे का? त्याचं बिंब बहुधा पाच ते दहा विकलांचंच असतं आणि तो कायम क्षितिजालगत. पृथ्वीपासून लांब गेलेला मंगळ तर चार विकलांपर्यंत आक्रसतो. असे ग्रह खाली असताना थरथरतात. शुक्रही पाण्याला टेकताना लाल-हिरवा होतो. तेव्हा नुसतं ‘लुकलुकतो, म्हणजे ताराच’ असं ठरवू नये. वर असताना पाहावं, किंवा शेजारच्या तेवढ्याच उंचीच्या ताऱ्याशी ताडून पाहावं.

उंचीचा परिणाम बघायचा तर त्याच रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं. मध्यरात्रीच्या सुमाराला व्याध दक्षिणेला ५५ अंशांच्या वर चढला होता आणि त्याच्या खाली, किनाऱ्याच्या टोकावर, अगस्ती होता. गुहागरातून अगस्ती कधीच २० अंशांच्या वर जात नाही, म्हणून त्याचा उजेड व्याधापेक्षा जवळपास अडीचपट हवेतून येतो. संध्याकाळी रंग उधळणारा व्याध आता पांढरा आणि बराच निवांत झाला होता. त्याच्या खाली अगस्ती, आपल्या सगळ्यात उंच जागी पोचूनही, अजून तडतडत होता.