पैसे सोडणारा टक्का आणि तारीख सांगणारी साखळी: लेंडर्स इंजिनिअरकडच्या मासिक अहवालाची पार्श्वभूमी

कर्ज दिलेल्या प्रकल्पाची प्रगती तपासायला बँकेने नेमलेल्या लेंडर्स इंजिनिअरकडे दर महिन्याला जाणाऱ्या अहवालात दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत, आणि त्यांचं आजही पूर्ण जमत नाही.

पहिली परंपरा वेळापत्रकाची. 1957 मध्ये ड्युपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी क्रिटिकल पाथची, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीवरून पूर्णत्वाची तारीख काढण्याची पद्धत बसवली. दुसरी हिशेबाची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 मध्ये कंत्राटदारांवर 35 निकष लादले. किती खर्च झाला यापेक्षा त्या खर्चात किती मोलाचं काम उभं राहिलं, हे त्यातून कळायला हवं होतं. ‘अर्जित प्रगती’ आली ती इथून.

बँकांना दोन्हींची गरज पडली, कारण पुढे कर्जाची फेड प्रवर्तकाच्या ताळेबंदावर न राहता प्रकल्पाच्याच उत्पन्नावर राहू लागली. रस्ता वेळेत सुरू झाला नाही, तर टोल नाही आणि हप्ताही नाही. म्हणून बँकेला कर्जाचा पुढचा टप्पा सोडण्यासाठी झालेल्या कामाचा टक्का हवा असतो आणि परतफेडीच्या अंदाजासाठी पूर्णत्वाची तारीख.

गोची इथेच होते. समजा, 24 महिन्यांचा एक रस्ता आहे. बाराव्या महिन्याअखेर 50 टक्के काम अपेक्षित होतं, झालं 42. नियोजनानुसार 42 टक्के दहाव्या महिन्यातच व्हायचे होते. म्हणजे बारा महिन्यांत दहा महिन्यांचं काम झालं. याच वेगाने पूर्णत्व सुमारे 29व्या महिन्यात येईल. पण याच रस्त्यावरच्या रेल्वे उड्डाणपुलाचे नकाशे अजून मंजूर नाहीत आणि मंजुरीनंतर पाया, खांब, गर्डर, कामासाठी गाड्या थांबवणारे रेल्वेचे ब्लॉक यांना 20 महिने लागतात. मंजुरी आज मिळाली तरी 32वा महिना उजाडणार. पुलाचा खर्चातला वाटा जेमतेम 6 टक्के असल्यामुळे टक्क्यांच्या आलेखात हा विलंब दिसतच नाही. उलट कंत्राटदार मातीकाम पुढे रेटून आकडा सजवू शकतो. टक्का चढतोय आणि साखळीतलं काम जागचं हललेलं नाही, असे लागोपाठ दोन अहवाल आले की अनुभवी इंजिनिअर आधी पूल पाहायला जातो.

हिशेबातली आणखी एक खोट बरीच वर्षं चालून गेली. झालेलं काम भागिले नियोजित काम हा जुना निर्देशांक प्रकल्प संपताना आपोआप 1 वर येतो, मग प्रकल्प वर्षभर रखडलेला का असेना. वॉल्ट लिप्के यांनी 2003 मध्ये पैशांऐवजी काळात मोजण्याची रीत मांडली. वरचा दहा-बारा महिन्यांचा हिशेब त्याच रीतीचा आहे.

भारतात तारखेचं वजन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी वाढवलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार पायाभूत प्रकल्पाची व्यावसायिक सुरुवात मूळ तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षं पुढे ढकलता येते, आणि ढकललेल्या प्रत्येक तिमाहीला बँकेला कर्जाच्या 0.375 टक्के जादा तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला ठेवावी लागते. त्यामुळे 29 की 32, हा प्रश्न आता बँकेच्या स्वतःच्या नफ्यातोट्याचाही झाला आहे.