‘अहवाल’ नवी कशी?

‘अरबीत निर्जीव वस्तूंना बाई समजतात’ असा एक फॉरवर्ड परवा मला आला. पुरावा म्हणून व्याकरणाचा नियमही दिला होता. नियम खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

अरबीत विशेषण नामाच्या मागून येते आणि लिंग, वचन, विभक्ती, निश्चितता या चारही बाबतींत नामासारखे होते. नामाला ‘अल्’ लागला की विशेषणालाही लागतो. इथवर सरळ आहे. गंमत अनेकवचनात होते.

मराठीत आलेले दोन शब्द घेऊ. आपण एकवचनी वापरतो ते ‘उमराव’ आणि ‘अहवाल’ हे मुळात अरबी अनेकवचनी शब्द आहेत: अमीर–उमरा, हाल–अहवाल. ‘नवा’ म्हणजे जदीद. नवे अमीर म्हणजे ‘उमरा जुदुद’, इथे विशेषणही अनेकवचनी. पण नव्या परिस्थिती म्हणजे ‘अहवाल जदीदा’. ‘हाल’चे लिंग काहीही असो, माणसे नसलेल्यांचे अनेकवचन आले की विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी!

याची किल्ली ‘जदीदा’च्या शेवटच्या ‘आ’मध्ये आहे. हा मुळात ‘अत्’ प्रत्यय, आणि तो केवळ बाईपणाचा नाही. ‘खलीफा’च्या शेवटी तोच आहे, पण खलिफा पुरुषच. ‘मार्र’ म्हणजे वाटसरू, त्याला हा प्रत्यय लावून ‘मार्रा’ केले की वाटसरूंचा घोळका. म्हणजे हा प्रत्यय समूहही दाखवतो. अरबी वैयाकरणांचे स्पष्टीकरण याच वाटेने जाते: अशा अनेकवचनाचा अर्थ ‘जमाआ’, म्हणजे समूह, असा घ्यायचा. जमाआ स्त्रीलिंगी आणि एकच, म्हणून विशेषणही तसेच. थोडक्यात, सुट्या वस्तू न मोजता एक ढीग पाहायचा.

माणसांना हा ढीग का नाही? वैयाकरण इथे ‘आकिल’, म्हणजे बुद्धी असलेला, अशी रेघ ओढतात. ही रेघ देहाची नाही, वागण्याची आहे. कुराणात (२७:१८) मुंगी इतर मुंग्यांना ‘आपापल्या घरांत शिरा’ म्हणते, तेव्हा क्रियापद पुरुषांसाठीचे अनेकवचनी आहे. बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या मुंग्या आकिल ठरल्या!

पण नियम पूर्वी इतका घट्ट नव्हता. कुराणाच्या एकाच सूरेत ‘मोजके दिवस’ हे ‘अय्याम मअदूदा’ (२:८०) असेही येते आणि ‘अय्याम मअदूदात’ (२:२०३) असे अनेकवचनीही. आजच्या प्रमाण लिखित अरबीत मात्र पहिलेच रूप रूढ आहे. ‘अरबी गणितासारखी निर्दोष भाषा’ म्हणणाऱ्यांनी या दोन आयती शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि आपण हसू नये. ‘नवी वही’ आणि ‘नवी पुस्तकं’, विशेषण एकच! फरक इतकाच की आपले साम्य योगायोगाचे आहे. पूर्वी ‘नवीं पुस्तकें’ लिहीत, वहीला तो अनुस्वार नव्हता.