लाइट गेल्यावर प्रिंट कुठे राहते: स्पूल, बफर आणि कॅश

राजापूरच्या बाजारपेठेतलं झेरॉक्सचं दुकान डोळ्यासमोर आणा, तीन कॉम्प्युटर, प्रिंटर एकच, बाहेर सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी रांग आणि पावसाळ्यामुळे लाइटचा भरवसा नाही. तिघांनी एकदम प्रिंट दिली तरी एकाच्या कागदात दुसऱ्याच्या ओळी घुसत नाहीत, कारण प्रत्येकाचं काम आधी डिस्कवर वेगळी फाइल म्हणून उतरतं आणि नंबर लागला की एक एक करून प्रिंटरकडे जातं. हे स्पूलिंग.

याचं मूळ १९६० च्या आसपासचं आहे. आयबीएम ७०९० हे तेव्हाचं प्रचंड महाग मशीन, आणि १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा, त्या काळात हा वेग भारीच, पण ७०९० ला त्याच्यासाठी थांबवून ठेवणं परवडणारं नव्हतं. मग आउटपुट टेपवर घ्यायचं, ऑपरेटरने ती टेप उचलून आयबीएमच्याच स्वस्तातल्या १४०१ मशीनवर लावायची आणि तिथून छापायचं. पुढे डिस्क आली, टेपची ने-आण संपली, तेच काम त्याच मशीनच्या आत व्हायला लागलं.

बफर त्याच्याही आधीचा, १९५१ च्या युनिवॅकमध्ये टेपसाठी ६० मशीन-वर्डचे बफर होते. देणारा फास्ट आणि घेणारा स्लो असला की मधे मेमरीत थोडा डेटा धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. आजच्या प्रिंटरच्या आतही तो असतो, पण त्यात सहसा चालू कामाचा एक तुकडाच मावतो, रांग नाही.

कॅशची कल्पना ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मांडली, ती प्रोसेसर आणि मेमरीसाठी होती, पण डिस्कसाठीही तीच युक्ती चालते. दुकानात तोच फॉर्म दुसऱ्यांदा उघडला की पटकन येतो, कारण त्याची कॉपी रॅममध्ये असते, ओरिजिनल डिस्कवर असतंच.

माझ्या मते तिघांतला फरक लाइट गेल्यावर सगळ्यात स्पष्ट दिसतो. समजा ४० पानांच्या कामातली १२ छापून झाली आणि लाइट गेली. कॅश उडाली तर नुकसान फक्त वेळेचं, फॉर्म परत डिस्कवरून येईल. प्रिंटरच्या बफरमधला तुकडा मात्र गेलाच. स्पूल फाइल डिस्कवर आहे म्हणून विंडोज परत चालू झालं की सहसा काम पुन्हा निघतं, पण पहिल्या पानापासून, कारण कागद खरंच किती बाहेर पडले याची नोंद त्या फाइलमध्ये नसते.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि प्रिंटर तेवढा बंद पडला तर वेगळाच घोळ होतो. प्रिंटर चालू झाल्यावर उरलेला डेटा मधूनच पोचतो, सुरुवातीच्या कमांड बफरसोबत गेलेल्या, मग पानापानावर विचित्र अक्षरं यायला लागतात. असं दिसलं की प्रिंटर बंद करा (बफर साफ होतो), `Print Spooler` सर्व्हिस थांबवा, `C:\Windows\System32\spool\PRINTERS` मधल्या `.SPL` आणि `.SHD` फाइली उडवा आणि सर्व्हिस परत चालू करा. फक्त त्याच फोल्डरमध्ये रांगेतल्या बाकीच्या लोकांची कामंही असतात, ती परत द्यावी लागतील.