विजेच्या तारेतून टीव्हीपर्यंत

राऊटर हॉलमध्ये, टीव्ही आतल्या खोलीत आणि मध्ये दोन जाडजूड भिंती. अशा घरात वायफाय टीव्हीपर्यंत पोचतं, पण चित्र मध्येच गोल गोल फिरत बसतं. त्यावर पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी हा एक उपाय. एक अडॅप्टर राऊटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा टीव्हीमागे, दोन्हींना लॅन केबल. मधलं अंतर भिंतीतली विजेची वायरिंगच तोडते.

कल्पना जुनी आहे. वीज कंपन्या १९२० च्या दशकातच उच्चदाब वाहिन्यांवरून आपले टेलिफोन चालवत होत्या. घरगुती वायरिंगवर ती रुळवली स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने, १९७५ च्या ‘एक्स-१०’ पद्धतीतून. एसी विजेचा दाब प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावरून जातो, त्या क्षणी तारेत गोंगाट कमी असतो. एक्स-१० नेमका तेव्हा १२० किलोहर्ट्झचा छोटा ठोका पाठवी. सेकंदाला साधारण ६० बिट. दिवा लावा-विझवायला पुरे, पण व्हिडिओचं नाव काढायला नको.

खरा अडसर हा गोंगाटच होता. चार्जर, मिक्सर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे त्याच तारेत खडखडाट करतात, आणि तोही क्षणाक्षणाला बदलतो. त्यावर तोडगा निघाला तो माहिती अनेक बारीक लहरींत वाटून पाठवण्याचा. जी लहर बिघडेल तिच्यावर कमी भार टाकायचा किंवा ती सोडूनच द्यायची. २००० साली स्थापन झालेल्या होमप्लग संघटनेने याच पायावर २००१ मध्ये १४ मेगाबिटचं पहिलं मानक आणलं. २००५ च्या ‘होमप्लग एव्ही’ने तो आकडा २०० वर नेला, आणि घरातला व्हिडिओ हेच त्याचं मुख्य लक्ष्य होतं. २०१२ च्या एव्ही-२ ने तर अर्थिंगची तारही कामाला लावली.

खोक्यावरचा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये. ‘६००’ लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरचा लॅन पोर्टच १०० मेगाबिटचा असतो, अनेक टीव्हींचाही तेवढाच. समजा, टीव्हीवर प्रत्यक्षात ६० मिळाले. फोर-केसाठी साधारण १५ ते २५ लागतात, म्हणजे काम झालं. पण तोच अडॅप्टर सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात लावला, तर त्यातला फिल्टर ही लहर कचरा समजून गिळतो आणि वेग कोसळतो. म्हणून अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा.

आपल्याकडच्या थ्री-फेज घरांत आणखी एक मेख असते. हॉल एका फेजवर आणि आतली खोली दुसऱ्यावर असेल, तर दोन्ही तारा थेट जोडलेल्या नसतात. लहर बोर्डापाशी किंवा शेजारून जाणाऱ्या तारांतून कशीबशी उडी मारते. दुसरा अडॅप्टर आधी राऊटरच्याच खोलीत लावून वेग बघावा. तिथे भरपूर आणि टीव्हीपाशी नगण्य आला, तर दोष बहुधा वायरिंगच्या वाटेत असतो. वेग ठरावीक वेळीच पडत असेल, तर टीव्हीजवळचे चार्जर एकेक करून काढून पाहावेत.